पडद्यामागची सुखीबाई

पूनमसिंग राठोड यवतमाळच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. महागावकडच्या बंजारा तांड्यातला तो पहिला पदवीधर. बाप बैलांच्या पाठीवर मीठ वाहून नेणाऱ्या लोकांतला, आणि पोरगा थेट नागपूरहून एम.ए. होऊन आलेला, त्यामुळे तांड्यात त्याचा रुबाब होता आणि कॉलेजात तो थोडा बुजलेला असायचा. बुजलेली माणसं वादात भारी निघतात. वाद रंगला की पूनमसिंगचा आवाज चढे आणि समोरच्याला हात टेकायला लावल्याशिवाय तो थांबत नसे.

त्याची बायको सुखीबाई. शाळेचं तोंड न पाहिलेली, कमी बोलणारी, कामाला वाघीण. शहरात आल्यावर तिनं फेटिया-कांचळी, म्हणजे तांड्यातला घागरा आणि चोळी, पेटीत ठेवली आणि साडी नेसायला लागली. घरात दोघं तांड्याची गोरबोलीच बोलत. इथं ती आपल्या वऱ्हाडीत उतरवली आहे, नाहीतर वाचणाऱ्यांची पंचाईत व्हायची.

त्यांना एक पोरगी होती, झमकू. चार वर्षांची असताना घटसर्पानं गेली.

ही गोष्ट ज्या दुःखाची आहे ते इथूनच सुरू होतं, म्हणून थोडं थांबून सांगायला हवं. तांड्यातल्या बाया सुरात रडतात. लग्नात नवरी सासरी निघाली की ढावलो हे निरोपाचं रडगाणं म्हणते, आणि माणूस गेलं तरी बाया एकमेकींच्या गळ्यात पडून, गेलेल्याला नाव घेऊन हाका मारत, त्याच्या एकेक गोष्टी आठवत, ताल धरून रडतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, या गातायत. झमकू गेल्यावर सुखीबाई यवतमाळच्या त्या भाड्याच्या खोलीत तशीच रडायला बसली, तेव्हा गल्लीतल्या बाया दाराशी जमल्या. एकजण दुसरीला म्हणाली, ‘रडून राह्यली का गाणं म्हणून राह्यली व ही?’ आणि दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. दुष्ट नव्हत्या त्या. पण सूर लावून रडणं म्हणजे नाटक, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं.

पूनमसिंगनं ते ऐकलं. शिकलेल्या माणसाची लाज फार लवकर जागी होते. तो आत आला आणि हळूच म्हणाला, ‘सुरात नको रडू. लोक हसून राह्यले.’

सुखीबाई गप्प झाली ती कायमची. सुरात नाही आणि बिनसुरातही नाही, ती पुन्हा रडलीच नाही. पूनमसिंग तर त्या आधीही रडला नव्हता. तो तेरवी उरकून वर्गावर गेला आणि घरात पोरीचं नाव कधी घेतलं नाही. दोघांना पुढं मूल झालं नाही. सहा वर्षं त्या घरात झमकू हा शब्द कोणी उच्चारला नाही.

आता त्या खेळाकडं येऊ.

पूनमसिंगनं नागपूरला असताना विलायतेतल्या एका गणितज्ञाचा लेख वाचला होता. यंत्राला विचार करता येतो का, हा प्रश्न. त्या गणितज्ञाचं म्हणणं असं, की विचार म्हणजे काय आणि यंत्र म्हणजे काय, यावर काथ्याकूट करत बसण्यापेक्षा एक खेळ खेळा. एका खोलीत पुरुष, एका खोलीत बाई, आणि तिसरीकडे परीक्षक. परीक्षकाला ते दोघं दिसत नाहीत, त्यांचा आवाज ऐकू येत नाही, अक्षरही दिसत नाही. त्याला फक्त ‘क्ष’ आणि ‘य’ एवढंच ठाऊक. तो हवे ते प्रश्न विचारतो, उत्तरं टाइप होऊन किंवा मधल्या माणसाच्या तोंडून येतात, आणि त्यावरून बाई कोणती ते ओळखायचं. पुरुषानं परीक्षकाला फसवायचं, बाईनं त्याला मदत करायची. आणि मग त्या पुरुषाच्या जागी यंत्र बसवा. परीक्षक आधी जितक्या वेळा फसत होता तितक्याच वेळा आताही फसला, तर यंत्राला विचार येत नाही असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

पूनमसिंगला हे फार आवडलं होतं. मुंबईत म्हणे खोलीभर मावेल असं गणित करणारं यंत्र बांधलंय, एवढीच त्या विषयातली त्याची माहिती. पण दरवर्षी तो हा खेळ वर्गात शिकवायचा आणि दरवर्षी त्यावरून धर्मपालशी भांडायचा.

धर्मपाल वानखडे वणीकडचा. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध धम्म घेतलेला. तो मानसशास्त्र शिकवायचा, आणि स्टाफरूममध्ये पूनमसिंगच्या शेजारच्या खुर्चीवर बसून चहा प्यायचा.

‘पूनमभाऊ,’ तो म्हणायचा, ‘फसवता आलं म्हंजे समजलं, हे कुठलं शास्त्र? आमच्या गावचे एक गुरुजी होते. शिवाशिवीवर असं बोलत का सभाच्या सभा रडे. अन् आमचा बाप त्याईच्या घरी गेला का पाणी वरून ओतत. आता तुझा परीक्षक सभेत बसला असता तर गुरुजीले पास करून मोकळा झाला असता.’

‘मंग तुले कसं कळलं, मी विचार करतो म्हणून?’ पूनमसिंग विचारायचा. ‘माझ्या डोक्यात शिरून पाह्यलं का? आतलं कोणाले दिसते? तू माझं बोलणं ऐकतो अन् मानतो. हे सगळे एकमेकाले सौजन्यानं मानून राह्यले, म्हून जग चालते. तेच सौजन्य यंत्राले दाखव, एवढंच तो माणूस म्हणून राह्यला.’

‘मी बोलणं ऐकून नाही मानत. बोलल्यावर तू काय करतो ते पाहून मानतो.’

‘करणं बी बाहेरूनच दिसते, धर्मपाल. आत काय हाय ते तरी तुले करण्यातून कुठं दिसलं?’

एवढं म्हणून पूनमसिंग बशीतला उरलेला चहा खुशीत संपवायचा.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात तर्क मंडळानं हा खेळ खरोखर करून दाखवायचं ठरवलं. यंत्र तर नव्हतंच, पण खेळाचा पहिला भाग, पुरुष आणि बाईचा, करता येण्यासारखा होता. पुरुष म्हणून पूनमसिंग बसणार. परीक्षक म्हणून धर्मपालची बायको प्रभावती. ती शाळेत मास्तरीण, नुकतीच यवतमाळात बदलून आलेली, तिनं सुखीबाईला पाहिलं नव्हतं. अडलं ते बाईवर. कॉलेजातल्या मुलींच्या घरचे तयार होईनात. शेवटी प्राचार्य म्हणाले, ‘राठोड, तुमच्या घरच्यांनाच बसवा की.’

ती नाही म्हणेल अशी पूनमसिंगला खात्री होती. त्यानं घरी येऊन खेळ समजावून सांगितला. सुखीबाई तांदूळ निवडत ऐकत होती.

‘मले खरं खरं सांगायचं,’ ती म्हणाली, ‘अन् तुमाले माझ्यासारखं होऊन सांगायचं.’

‘हो.’

‘माझ्यासारखं होता येईन तुमाले?’

‘पाहू,’ तो हसून म्हणाला.

ती हो म्हणाली. का म्हणाली, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही. तिला पाहायचं होतं, की आपला नवरा आपल्याला कितपत ओळखतो.

संमेलनाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. व्यासपीठावर प्रभावती बसली. मागच्या दोन खोल्यांमध्ये एकेका पडद्याआड पूनमसिंग आणि सुखीबाई, आणि प्रत्येकाजवळ उत्तर लिहून घ्यायला एक विद्यार्थिनी. लिहिलेलं उत्तर ग्रंथालयातला फुलचंद हॉलमध्ये वाचून दाखवायचा. फुलचंदचा आवाज असा की त्यानं वरातीचं आमंत्रण वाचलं तरी नोटीस वाटावी, म्हणून त्याला मुद्दाम निवडला होता. सुखीबाईच्या खोलीचं झरोक्यासारखं तावदान हॉलच्या बाजूला उघडं राहिलं होतं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

प्रश्न सुरू झाले. भाकरी थापताना फाटते ती कशानं? लुगड्याचा काठ फिटला तर काय करता? ‘य’ची, म्हणजे सुखीबाईची उत्तरं एवढीशी यायची. ‘पीठ जुनं असन तर फाटते.’ ‘शिवते.’ ‘क्ष’ मात्र बहारीचं बोलायचा. उन्ह आणि पाणी, आईनं भाकरीवरून मारलेली चापट, सगळं त्यात. हॉलमध्ये हशा व्हायचा. मध्येच ‘य’कडून आलं, ‘बाई मी हाय. त्याचं ऐकू नका.’ लगोलग ‘क्ष’कडूनही तेच आलं, आणि पोरांनी बाकं वाजवली.

प्रभावती हुशार होती. तिला वाटलं, चूल आणि सुई हे कोणालाही पाठ करता येईल; जे पाठ करता येत नाही ते विचारावं. तिनं विचारलं, ‘जिवाला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट कोणती?’

‘य’चं उत्तर आधी आलं. फुलचंदनं वाचलं, ‘ते मी सांगत नाही.’

मग ‘क्ष’चा कागद आला. फुलचंदनं त्याच नोटिशीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

‘माझी पोरगी गेली. ती माझ्या डाव्या दंडावर डोकं ठेवून झोपे. अजून पहाटे माझ्या त्या दंडाले मुंग्या येतात. मी उठून बसते अन् दंड चोळते. चोळता चोळता आठवते का आता त्याच्यावर कोणाचंच डोकं नाही. तरी मुंग्या येतात. कधी कधी मी दंड चोळत नाही. म्हणते, राहू दे, तेवढंच तिचं वजन.’

प्रभावतीनं चष्मा काढला आणि डोळे पुसले. ती दोन लेकरांची आई होती. तिनं पुढं एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाली, ‘क्ष बाई आहे. य पुरुष असावा. ते उत्तर टाळतायत.’

पडदे बाजूला झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पूनमसिंग व्यासपीठावर आला, हसत होता, लोक पाठ थोपटत होते. त्यानं मागं वळून पाहिलं. सुखीबाई पडद्याजवळ उभी होती आणि उजव्या हातानं डावा दंड धरून त्याच्याकडं पाहत होती. तेव्हा कुठं त्याला कळलं, की तिनं ते ऐकलं होतं.

घरी तिनं स्वयंपाक केला, त्याला वाढलं. तो जेवत असताना ती समोर बसली.

‘माझा दंड तुमाले ठाऊक होता.’

‘मी जागाच राहो पहाटे,’ तो म्हणाला. ‘पाहो तुले.’

‘अन् ते वजनाचं? ते तर मी कोणाले सांगतलं नाही.’

‘कधी कधी तू चोळत नाही, नुसती बसून राह्यते. त्याच्यावरून वाटलं मले.’

‘बरोबर वाटलं,’ ती म्हणाली. ‘सहा वर्षं मी काय समजत होती, सांगू? मले वाटे, या माणसाचं दुःख माझ्याहून मोठं हाय. याच्याजवळ त्याले शब्दच नाहीत, म्हून हा पोरीचं नाव घेत नाही. तुमी गप्प राहा तर मी त्याले दुःख म्हणो. त्याच्यावर मी दिवस काढले. अन् शब्द तर होते तुमच्याजवळ. येवढे चांगले होते का परकी बाई रडली.’

‘सुखी, ते खरंच होतं. मी खरंच—’

‘मंग मले काहून नाही सांगतलं? मी तर सहा वर्षं पडद्याच्या अलीकडेच होती.’

पूनमसिंगनं मनातल्या मनात ती दुपार पुन्हा पाहिली. ते उत्तर सांगताना त्याचा गळा दाटला होता, हे खरं. लिहिणाऱ्या मुलीनं वर पाहिलं होतं. पण त्याच क्षणी, गळा दाटलेला असतानाच, आता आपण जिंकलो असं त्याला वाटलं होतं, हेही खरं. त्यातलं कोणतं आधी आणि कोणतं मागून, हे त्याचं त्यालाही सांगता येईना. आतलं दुसऱ्याला दिसत नाही, असं तो आजवर शिकवत आला होता. आपलं आपल्यालाही नीट दिसत नाही, हे कोणी त्याला शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये धर्मपाल म्हणाला, ‘जिंकला तू भाऊ. परभावती घरी येऊन बी रडली.’ मग पूनमसिंगचा चेहरा पाहून त्याचा स्वर उतरला. ‘काय झालं?’

पूनमसिंगनं सांगितलं. धर्मपाल हा वाद जिंकू शकला असता आणि तो जिंकला नाही, एवढा तो भला माणूस होता. तो म्हणाला, ‘वहिनीले सांग. जे तिथं सांगतलं ते घरी सांग. येकदा नाही, रोज सांग.’

‘सांगून काय होते? आता मी काय बी म्हणलं तर ती म्हणन, चांगलं उत्तर हाय.’

धर्मपालनं चहा तसाच ठेवला.

होळीच्या आधी सुखीबाई भावाच्या तांड्यावर गेली. भांडून नाही. ‘लेंगीची गाणी ऐकून येते’ म्हणाली, आणि होळी होऊन गेली तरी आली नाही. रंगपंचमी गेली, कापूस विकून झाला. पूनमसिंग घरी एकटा भाकरी थापायचा. पीठ जुनं होतं, भाकरी फाटायची.

शेवटी एका रविवारी तो एस.टी.नं महागावला उतरला आणि पायी तांड्यावर गेला. सकाळची वेळ. सुखीबाई फेटिया नेसून, आईजवळ ओट्यावर बसली होती. आई रामीबाई म्हातारी, हातभर बलिया, पांढऱ्या बांगड्या, घातलेली. आणखी चारदोन बाया शेंगा फोडत होत्या. जावई आला म्हणून बाया डोक्यावरचा पदर सारखा करून उठायला लागल्या. पूनमसिंगनं कोणाला रामराम केला नाही. तो बायकोसमोर खाली बसला आणि काही बोलायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं. वाटेनं त्यानं बरंच ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काही आलं नाही.

आलं ते दुसरंच. त्याच्या तोंडातून पोरीचं नाव निघालं, आणि ते लांबलं, आणि त्याला सूर आला. आयुष्यभर आईच्या, मावश्यांच्या तोंडून ऐकलेला तो बायांचा सूर. पुरुष तसं रडत नाहीत. तांड्यात कोणी पुरुषाला तसं रडताना पाहिलं नव्हतं. तो झमकूला हाका मारत होता. तुझा लाल परकर, तुझं बोबडं बोलणं, मी वर्गावरून यायचो तेव्हा तू माझी पिशवी ओढायची, दवाखान्यात तू पाणी मागितलं आणि तुला गिळवलं नाही, आणि तुझ्या याडीला, तुझ्या आईला, मी रडू दिलं नाही, सुरात नको रडू म्हणालो, ती रडली असती तर मीही रडलो असतो. ताल चुकत नव्हता. चारचौघांत, शिकलेला माणूस, धोतराचा सोगा तोंडावर न घेता उघड्या तोंडानं रडत होता आणि त्याला लाज वाटत नव्हती.

रामीबाईनं त्याचं डोकं धरलं आणि तीही सुरात रडायला लागली. शेंगा फोडणाऱ्या बाया जवळ सरकल्या. एकीनं दुसरीला विचारलं नाही, की हा रडतोय का गातोय. त्यांना ते विचारायची गरज नव्हती.

सुखीबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचे डोळे कोरडेच होते. बाया शांत झाल्यावर ती उठली, आतून पाण्याचा लोटा आणला आणि नवऱ्यापुढं ठेवला.

‘बाई,’ रामीबाई तिला म्हणाली, ‘पाहून तर घे. खरंखुरं रडला तो.’

‘हो,’ सुखीबाई म्हणाली. ‘परभावतीबाईले बी असंच वाटलं होतं.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर पूनमसिंगला बरं वाटलं असतं. ती चेष्टाही करत नव्हती. तिला खरोखरच ओळखता येत नव्हतं, आणि आता कधी ओळखता येईल असं तिला वाटत नव्हतं.

ती त्याच दिवशी त्याच्याबरोबर यवतमाळला निघाली. संसार कोणी मोडत नाही असल्या गोष्टीवर, आणि तिच्या मनात मोडायचा नव्हताही. एस.टी. दिग्रसच्या पुढं आली, उन्हं कलली, आणि खिडकीशी बसलेली सुखीबाई डावा दंड चोळायला लागली. तिचं लक्ष बाहेर होतं. पूनमसिंगनं ते पाहिलं. त्याचा हात आपोआप तिच्या दंडाकडं गेला. मग, हे तिला कसं वाटेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं हात मागं घेऊन मांडीवर ठेवला.